तिमाहीचा गैरहजेरी दर: आकडा कसा काढायचा आणि त्यात काय शोधू नये

काही वर्षांपूर्वी एका विभागाचा तिमाही अहवाल माझ्या टेबलावर आला. गैरहजेरीचा दर ९.४ टक्के. आधीच्या तिमाहीत तो ४.३ होता. विभागप्रमुखाकडून खुलासा मागवणारं पत्र टाइप होऊन तयार होतं, फक्त सही बाकी होती. मी हजेरीपट मागवून घेतला आणि सकाळभर बसून पुन्हा मोजलं. पहिल्या फेरीत दर ४.२ वर आला, दुसऱ्या फेरीत ५.० वर. माणसं तीच, दिवस तेच, हजेरीपटही तोच. बदललं होतं ते फक्त कशाला गैरहजेरी म्हणायचं, एवढंच. पत्र अर्थातच गेलं नाही.

तीच मोजणी इथे पायरीपायरीने मांडतो. गणित भागाकाराचं आहे, ते कुणालाही येतं. चुका होतात त्या भागाकाराच्या आधी आणि नंतर.

सूत्र आधी, भानगडी नंतर

गैरहजेरी दर म्हणजे वाया गेलेले दिवस भागिले उपलब्ध दिवस, गुणिले १००. दोन्हीकडे मोजायचे ते मनुष्यदिवस: एक माणूस, एक दिवस. अंशात ‘खाडे’ येतात, म्हणजे माणूस कामावर यायला हवा होता आणि आला नाही असे दिवस. भाजकात, विभागातल्या सगळ्यांनी मिळून किती दिवस कामावर असणं अपेक्षित होतं, ते येतं. पाळ्या वेगवेगळ्या लांबीच्या असतील, कुणाची आठ तासांची आणि कुणाची बारा तासांची, तर दिवसांऐवजी तास घ्या. बाकी सगळं तसंच राहतं.

विभाग वीसेक माणसांचा. तिमाहीत कामाचे दिवस ६४: पहिल्या महिन्यात २२, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात २२. आठवड्याला पाच दिवस काम. साप्ताहिक सुट्ट्या आणि सार्वजनिक सुट्ट्या वजा करून हे ६४ उरले आहेत.

पहिली पायरी: खाडा कशाला म्हणायचं ते लिहून काढा

हे तोंडी ठरवू नका, कागदावर लिहा. तीन महिन्यांनी मोजणारा माणूस कदाचित दुसराच असेल, आणि तो वेगळं काही धरून चालेल.

माझा नियम साधा आहे. पाळी सुरू होण्याआधी मंजुरी मिळालेली वार्षिक रजा म्हणजे खाडा नाही. प्रशिक्षण, दौरा, बदली सुट्टी, घरून केलेलं काम, यातलं काहीही खाडा नाही. आजारपण, घरातली अडचण, न कळवता मारलेली दांडी, हे सगळे खाडे. अर्ध्या दिवसाची गैरहजेरी ०.५ धरायची. उशिरा येणं यात मिसळायचं नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याची वही वेगळी असावी.

यात दोन जागी हमखास वाद होतो.

पहिली जागा आधी ठरवलेल्या शस्त्रक्रियेची. आमच्या विभागातला एक जण शस्त्रक्रियेसाठी ३१ दिवस नव्हता, आणि त्याने तीन आठवडे आधी कळवलं होतं. विभागप्रमुखांचं म्हणणं होतं की हे ठरलेलं होतं, मग खाडा कसा? मी तो खाड्यातच धरतो. रजा माणूस आपल्या सोयीने पुढेमागे करू शकतो, आजारपण नाही. फक्त त्याला वेगळी खूण करून ठेवतो, कारण पुढे त्याला बाजूला काढून पाहायचं असतं. तुमचा नियम उलटा असला तरी चालेल, पण मग दर तिमाहीला तोच हवा.

दुसरी जागा मागून मंजूर केलेल्या रजेची, आणि खरी गोम इथेच आहे. माणूस गुरुवारी येत नाही. शुक्रवारी येऊन अर्ज देतो, साहेब सही करतात, आणि हजेरीपटावर गुरुवारच्या रकान्यात गैरहजेरीचा A खोडून रजेचा L होतो. पगाराच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे. त्याच्या खात्यात रजा शिल्लक आहे, त्याने ती वापरली. पण त्या गुरुवारी त्याची जागा रिकामी होती आणि कुणाला आधी कळलं नव्हतं. दर त्या रिकाम्या जागेचा आहे, पगाराचा नाही. म्हणून L दिसला की अर्जाची तारीख बघायची. अर्ज पाळीनंतरचा असेल तर दिवस खाड्यात जातो. आमच्या हजेरीपटावर A होते ४७ आणि L होते ६९. अर्जांच्या तारखा लावून पाहिल्यावर ६९ पैकी ९ L मागून झालेले निघाले. मग खाडे झाले ५६ आणि आधी मंजूर रजा राहिली ६०.

दुसरी पायरी: कोण पटावर आहे आणि किती दिवस

भाजक काढताना बहुतेक जण तिमाहीच्या शेवटच्या दिवसाची माणसं मोजतात आणि कामाच्या दिवसांनी गुणतात. हे सोपं आहे, पण चुकीचं. मधे कुणी सोडून गेलेलं असतं, कुणी नवीन आलेलं असतं, कुणी आठवड्यातून तीनच दिवस येतं. प्रत्येक माणसाचे दिवस वेगळे काढून मग बेरीज करायची.

आमच्याकडे १७ जण पूर्ण तिमाही पूर्णवेळ होते: १७ × ६४ = १०८८. एक बाई सोमवार, बुधवार, शुक्रवार येणाऱ्या, त्यांचे अपेक्षित दिवस ३८. एक जण पहिल्या महिन्याअखेर सोडून गेला, त्याचे २२. एक जण दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर रुजू झाला, त्याचे ३२. एकूण ११८०.

शेवटच्या दिवसाच्या पद्धतीने १९ × ६४ = १२१६ आले असते. म्हणजे ‘उपलब्ध’ दिवस ३६ ने जास्त धरले गेले असते आणि दर उगाच कमी दिसला असता. ज्या विभागात माणसं सारखी बदलतात तिथे ही तफावत यापेक्षा खूप मोठी होते.

आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या माणसाबद्दल एक सांगतो. त्या बाई एक आठवडा आजारी पडल्या तर खाडे ३ होतात, ५ नाही. भाजकात ३८ आणि अंशात आठवड्याचे ५, ही चूक मी स्वतः एकदा केली आहे. तसंच डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर कॅलेंडरचे दिवस असतात. शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र ४३ दिवसांचं होतं, त्यातले कामाचे ३१.

आता सुरुवातीच्या ९.४ टक्क्यांकडे येतो. विभागात एकविसावी व्यक्तीही होती, तिमाहीभर प्रसूती रजेवर. संगणकात त्या रजेला वेगळं चिन्ह नव्हतं, म्हणून रोज त्यांच्या नावापुढे A पडत होता. ६४ दिवस, ६४ A. हजेरीपटावरचे ४७ आणि हे ६४ मिळून १११ खाडे झाले होते! दीर्घ मुदतीच्या अशा हक्काच्या रजेवर असलेली व्यक्ती अंश आणि भाजक दोन्हींतून काढायची. एकाच ठिकाणाहून काढली तर आकडा पुन्हा बिघडतो.

हे एक्सेलमध्ये करायचं असेल तर प्रत्येक माणसाचे अपेक्षित दिवस असे निघतात. D स्तंभात रुजू झाल्याची तारीख, E मध्ये सोडल्याची तारीख (अजून असेल तर रिकामी), K1 आणि K2 मध्ये तिमाहीची सुरुवात आणि शेवट, M स्तंभात सुट्ट्यांची यादी:

```
=NETWORKDAYS(MAX(D2,$K$1),MIN(E2,$K$2),$M$2:$M$9)
```

रिकामा E2 असला तर MIN त्याकडे दुर्लक्ष करतं, त्यामुळे वेगळी अट लागत नाही. हे सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरतं. फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार येणाऱ्यासाठी असं:

```
=NETWORKDAYS.INTL(MAX(D2,$K$1),MIN(E2,$K$2),"0101011",$M$2:$M$9)
```

अवतरणातले सात अंक सोमवारपासून सुरू होतात, 1 म्हणजे सुट्टी. उत्तर ऋण आलं तर तो माणूस त्या तिमाहीत पटावर नव्हताच, ती ओळ काढून टाका. काढली नाही तर बेरजेतून गुपचूप दिवस वजा होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी पायरी: मंजूर रजा भाजकातून वजा करायची की नाही

दोन्ही रीती चालतात. वजा केली तर भाजक ११८० − ६० = ११२०, आणि दर ५६ ÷ ११२० × १०० = ५.० टक्के. नाही केली तर ५६ ÷ ११८० म्हणजे ४.७ टक्के. मी वजा करतो. रजेवर असलेला माणूस त्या दिवशी खाडा करूच शकत नाही, मग तो दिवस ‘उपलब्ध’ कसा? लोक एकगठ्ठा रजा घेतात अशा तिमाहीत रजा वजा न केल्यास भाजक फुगतो आणि दर विनाकारण चांगला दिसतो. पण ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा दुसऱ्या रीतीने काढलेला असेल, तर त्याच रीतीने जा. अहवालात दराच्या खाली एक ओळ लिहायची: भाजकातून मंजूर रजा वजा केली आहे, किंवा केलेली नाही. ही ओळ नसलेला दर मी वाचतच नाही.

मासिक दर काढून त्यांची सरासरी घ्यायचीही सवय दिसते. ती घेऊ नका. महिन्यांचे भाजक वेगळे असतात, म्हणून तिमाहीचे सगळे खाडे भागिले तिमाहीचे सगळे उपलब्ध दिवस एवढंच करा. आमच्या उदाहरणात योगायोगाने सरासरीही ५.० येते. ही चूक वर्षानुवर्षे टिकते ती अशाच योगायोगांमुळे.

चौथी पायरी: दराच्या शेजारी खेपा मांडा

दहा जण एकेक दिवस आले नाहीत किंवा एकच माणूस सलग दहा दिवस आला नाही, दर एकच. काम चालवणाऱ्याला मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सलग दहा दिवसांसाठी बदली माणूस बघता येतो. दहा वेगवेगळ्या सकाळी येणाऱ्या दहा फोनांना काही करता येत नाही. म्हणून दिवसांसोबत खेपा मोजायच्या. सलग खाड्यांचा एक तुकडा म्हणजे एक खेप. मधे शनिवार-रविवार आला तरी खेप तुटत नाही.

हजेरीपटात एका ओळीत एक माणूस, B स्तंभात नाव, आणि C पासून BN पर्यंत फक्त कामाचे ६४ दिवस असतील तर:

```
=SUMPRODUCT((C2:BN2="A")*(B2:BM2<>"A"))
```

म्हणजे आज A आहे आणि आदल्या कामाच्या दिवशी A नव्हता, अशा जागा मोजायच्या. मागून मंजूर केलेले L आधी पुन्हा A करून घ्या, नाहीतर एक खेप दोन तुकड्यांत मोजली जाईल. आठवड्यातून तीनच दिवस येणाऱ्या माणसाची खेप हाताने मोजलेली बरी, कारण त्यांच्या ओळीत मधल्या रिकाम्या जागांवर सूत्र फसतं. मागच्या तिमाहीत सुरू झालेली खेप या तिमाहीत पहिल्या दिवशी दिसली तर तिचे दिवस धरायचे, पण नवी खेप म्हणून मोजायचं नाही.

आमचे ५६ खाडे नऊ जणांचे होते. बाकी अकरा जणांचा एकही नाही. शस्त्रक्रियेवाला, त्याला ‘क’ म्हणू, ३१ दिवस, एक खेप. ‘ख’ यांचे ६ दिवस, पण पाच खेपांत. उरलेल्या सात जणांचे मिळून १९ दिवस, ९ खेपा. एकूण १५ खेपा. म्हणजे ५.० टक्के या आकड्यातले निम्म्याहून जास्त दिवस एकाच माणसाचे आहेत. ‘सरासरी कर्मचारी २.८ दिवस गैरहजर होता’ असं वाक्य गणिताने बरोबर असेल, पण असा कर्मचारी त्या विभागात नव्हता.

पाचवी पायरी: महिन्यांनी फोडा, आणि मग एक माणूस बाजूला काढून पुन्हा फोडा

| | उपलब्ध दिवस | खाडे | दर | ‘क’ वगळून उपलब्ध | ‘क’ वगळून खाडे | ‘क’ वगळून दर |
|---|---|---|---|---|---|---|
| पहिला महिना | ३८९ | १० | २.६ | ३६७ | १० | २.७ |
| दुसरा महिना | ३३४ | १८ | ५.४ | ३१४ | ९ | २.९ |
| तिसरा महिना | ३९७ | २८ | ७.१ | ३७५ | ६ | १.६ |
| तिमाही | ११२० | ५६ | ५.० | १०५६ | २५ | २.४ |

डावीकडचा दर वाचला तर विभाग घसरणीला लागला आहे. २.६, ५.४, ७.१. या तीन आकड्यांचा आलेख काढून बैठकीत दाखवला असता तर पुढचा अर्धा तास शिस्तीवर गेला असता. उजवीकडचा दर वाचला तर तिसरा महिना सगळ्यात चांगला गेला आहे. ‘क’ दुसऱ्या महिन्यात ९ दिवस नव्हता आणि तिसऱ्यात पूर्ण २२ दिवस. चढण तेवढीच होती, त्यापलीकडे काही नव्हतं.

‘क’ला वगळताना त्याचे ६४ दिवस भाजकातूनही काढले आहेत, हे लक्षात घ्या. आणि उजवा रकाना ‘खरा’ आणि डावा ‘खोटा’ असं नाही. ‘क’ची जागा खरोखरच रिकामी होती आणि कुणीतरी ते काम ओढलं. मनुष्यबळ किती कमी पडलं, हा प्रश्न असेल तर ५.० सांगा. बाकीच्यांच्या हजेरीत काही बदल झाला का, हा प्रश्न असेल तर २.४. दोन्ही छापा, आणि कोणता कशासाठी ते लिहा. सलग किती दिवसांच्या पुढे ‘दीर्घ’ म्हणायचं हेही आधीच ठरवलेलं असावं. आकडा बघून मग सीमा ठरवली तर हवा तो दर काढता येतो.

एवढ्या छोट्या विभागात कोणता बदल हा बदल?

११२० दिवसांच्या भाजकात एक खाडा म्हणजे ०.०९ टक्के. अकरा खाडे म्हणजे जवळपास एक टक्का. एका माणसाला दोन आठवडे काविळीने झोपवलं की दर एक टक्क्याने चढतो, आणि त्यात व्यवस्थापनाचा काही हात नसतो. म्हणून वीस जणांच्या विभागात दशांशानंतरच्या आकड्यावर चर्चा करू नये. दुसरं दशांशस्थळ तर छापूच नये. ४.९८ असं छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, मोजणी तेवढी बारीक आहे.

दिवसांपेक्षा खेपांवर अंदाज बांधणं जरा सोपं जातं, कारण दिवस गठ्ठ्याने येतात आणि खेपा बऱ्याच अंशी सुट्या. ढोबळ ठोकताळा असा: खेपांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. ‘क’ सोडून आमच्या १४ खेपा. १४ चं वर्गमूळ पावणेचारच्या आसपास, दुप्पट साधारण ७. म्हणजे पुढच्या तिमाहीत ७ आल्या किंवा २१ आल्या तरी विभागात काही बदललं असेल असं नाही. तापाची साथ आली तर खेपाही एकत्र येतात आणि हा ठोकताळा अपुरा पडतो. पण १४ च्या १८ झाल्या म्हणून कुणाला बोलावून घेण्याआधी तो एकदा मनात म्हणावा.

तुलना शक्यतो मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. हवामान, शाळांचं वेळापत्रक, कामाचा हंगाम, सगळं त्यात सारखं येतं. आणि तुलनेआधी मोजणीची रीत तीच आहे ना ते बघा. आमच्या आधीच्या तिमाहीचा ४.३ हा हजेरीपटावरच्या A वरून काढलेला होता, मागून मंजूर केलेले L तसेच ठेवून. त्याच रीतीने ही तिमाही मोजली तर ४७ ÷ ११११, म्हणजे ४.२. म्हणजे ४.३ वरून ५.० झाले ते मोजणी काटेकोर झाली म्हणून. नवा पर्यवेक्षक आला, नवं बायोमेट्रिक यंत्र बसलं, की पहिल्या तिमाहीत दर चढतोच. आधी न नोंदलेले खाडे आता नोंदले जातात, इतकंच.

सोमवारची गोष्ट

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे अनुभवी माणसंही फसतात. विभागप्रमुख म्हणाले, “बघा, ‘क’ सोडून १४ खेपांपैकी ६ सोमवारी सुरू झाल्यात. पाच दिवसांत एक सोमवार, म्हणजे तीन यायला हव्या होत्या. दुप्पट आहेत. सुट्टी लांबवतात लेकाचे.”

हिशेब ऐकायला बिनतोड वाटतो. पण आजारपण आठवड्याचे सातही दिवस येतं. शनिवारी ताप आला, रविवारी आला किंवा सोमवारी आला, तिन्ही वेळा पहिला खाडा सोमवारीच दिसतो. म्हणजे सात दिवसांपैकी तीन दिवसांची आजारपणं सोमवारच्या खात्यात जमा होतात. १४ × ३ ÷ ७ = ६. बरोबर तेवढ्याच खेपा होत्या. (शनिवारी आजारी पडून सोमवारपर्यंत बरे होणारे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात सहापेक्षा थोड्या कमी अपेक्षित असतात, पण तीन नक्कीच नाहीत.) दिवस मोजले तरी सोमवार आणि शुक्रवार मिळून पाचपैकी दोन दिवस होतात, म्हणजे ४० टक्के खाडे त्या दोन दिवशी पडणं हे सपाट वाटपच आहे. आठवड्याच्या वारांवरून काही म्हणायचं असेल तर निदान वर्षभराच्या खेपा घ्या आणि सोमवारचा वाटा तीन सप्तमांशाच्या चांगलाच वर आहे का बघा.

‘ख’ यांच्या पाच खेपा

तुटक गैरहजेरीला जास्त वजन देणारा एक निर्देशांक काही ठिकाणी वापरतात, ब्रॅडफर्ड फॅक्टर. खेपांचा वर्ग गुणिले दिवस. ‘क’: १ × १ × ३१ = ३१. ‘ख’: ५ × ५ × ६ = १५०. सहा दिवस नसलेल्या माणसाचा आकडा ३१ दिवस नसलेल्याच्या जवळपास पाचपट. तुटक गैरहजेरीने कामात जास्त व्यत्यय येतो, हे म्हणणं या सूत्रात भरलेलं आहे. ते मोजणीतून निघालेलं नाही, सूत्र लिहितानाच आत घातलेलं आहे. हा निर्देशांक सहसा ५२ आठवड्यांवर काढतात. एका तिमाहीवर काढून कुणाला ताकीद देणं म्हणजे पाच नाणेफेकींवरून नाणं खोटं ठरवणं.

तरीही पाच खेपा बोलण्यासारख्या आहेत. बोलण्यासारख्या म्हणजे विचारण्यासारख्या. अशा नोंदीमागे ठरावीक दिवसांनी उसळणारा जुना आजार असू शकतो, घरात कुणाची शुश्रूषा असू शकते, पाळीच्या वेळेची अडचण असू शकते, कामाचा कंटाळाही असू शकतो. हजेरीपटावर या सगळ्यांना एकच अक्षर आहे: A. दराने नाव दाखवलं, कारण दाखवलं नाही. आणि जुना आजार असेल तर वर्गाचं हे सूत्र नेमकं त्याच माणसाला सगळ्यात जास्त गुण देतं.

दराच्या बाहेर राहिलेलं

आजारी असूनही कामावर आलेले लोक या आकड्यात कुठेच नाहीत. खाडा पडला की भत्ता जातो अशा विभागात दर कमी असतो, आणि एकाचा खोकला सगळ्यांना लागतो. ज्यांना घरून काम करता येतं ते ताप असला तरी दोन तास लॅपटॉप उघडतात आणि पूर्ण दिवस हजर धरले जातात, तर ज्यांचं काम यंत्रावर उभं राहून करायचं आहे त्यांना त्याच तापात खाडा पडतो. अशा दोन विभागांचे दर शेजारी ठेवून एकाला मेहनती आणि दुसऱ्याला कामचुकार म्हणता येत नाही. कमी दराचा अर्थ लोक खूश आहेत असा होत नाही, आणि जास्त दराचा अर्थ ते नाराज आहेत असाही होत नाही.

गेलेल्या दिवसांची किंमतही दरात नसते. एकाच प्रकारचं काम दहा जण करतात तिथला एक खाडा इतरांत विरून जातो. एकच माणूस चालवतो त्या यंत्रावरचा एक खाडा अख्खी रांग थांबवतो. दोन्ही ०.०९ टक्केच.

शेवटी अहवालात मी जे लिहिलं ते असं होतं:

‘तिमाहीचा गैरहजेरी दर ५.० टक्के (५६ खाडे, ११२० उपलब्ध दिवस, मंजूर रजा वजा करून, दीर्घ हक्काच्या रजेवरील व्यक्ती दोन्हींकडे वगळून). एक दीर्घ गैरहजेरी वगळता २.४ टक्के. खेपा १५, २० पैकी ११ जणांचा एकही खाडा नाही. या तिमाहीपासून मागून मंजूर केलेली रजा खाड्यात धरली आहे. जुन्या रीतीने दर ४.२ आला असता, मागील तिमाही ४.३. महिन्यागणिक दिसणारी वाढ दीर्घ गैरहजेरीमुळे आहे.’

‘एक दीर्घ गैरहजेरी’ असंच लिहिलं, शस्त्रक्रिया हा शब्द घातला नाही. वीस जणांच्या विभागात कारण छापलं की नाव छापल्यासारखंच असतं. ‘ख’ यांच्याबद्दल अहवालात काहीच लिहिलं नाही. त्यांच्याशी पर्यवेक्षक दार लावून दहा मिनिटं बोलले, आणि पुढच्या महिन्यापासून त्यांची पाळी एक तास उशिरा सुरू होऊ लागली.